फाटकासमोर कोणी गाडी लावली असेल, तर या चुका टाळा

धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत लग्नसराई सुरू झाली की दर आठवड्याला कोणाचे ना कोणाचे फाटक अडते, आणि चिडलेला घरमालक पहिली चूक करतो ती चाकाची हवा सोडण्याची. हवा सोडलेली गाडी तिथेच अडकते, म्हणजे आपलेच फाटक जास्त वेळ बंद राहते. आमच्या एका शेजाऱ्यांनी असेच केले. पाहुणा परतला तेव्हा चाकाची व्हॉल्व्हही तुटलेली निघाली आणि त्याने नुकसानीची तक्रार देण्याची धमकी दिली. वाहतूक पोलीस आले तेव्हा फाटकाचा विषय बाजूलाच राहिला आणि बोलणे चाकावरच होत राहिले. खासगी क्रेन बोलावून गाडी हलवणेही त्याच माळेतले आहे, कारण उचलण्याचे आदेश गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यानेच द्यायचे असतात.

दुसरी चूक म्हणजे दहा तास उलटल्याशिवाय गाडी उचलता येत नाही असे समजणे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 मधील दहा तासांची अट बेवारस सोडलेल्या वाहनासाठी आहे. जिथे वाहन उभे करण्यास कायद्याने मनाई आहे, तिथे ती लागू नाही. जागेचे प्रवेशद्वार अडवून वाहन उभे करण्यास वाहनचालनाचे नियमच मनाई करतात, त्यामुळे गाडी लगेच उचलता येते आणि उचलण्याचा खर्च वाहनमालकावर बसतो. शिवाय कलम 177 खाली पहिल्यांदा 500 रुपये आणि पुन्हा तेच केल्यास 1500 रुपये दंड होतो.

तक्रार घरमालकानेच केली पाहिजे असे नाही. भाडेकरू, चौकीदार किंवा अडकलेला कोणीही 112 वर किंवा वाहतूक नियंत्रण कक्षाला कळवू शकतो. मात्र फक्त नंबरप्लेटचा फोटो काढून थांबणाऱ्या उतावळ्यांचा मला कंटाळा आला आहे. "भाऊ, मी तर बाजूला लावली होती," असे चालक म्हणाला की तो फोटो काहीच सांगत नाही. मी समोरच्या बाजूने असा फोटो काढतो की फाटकाचे दोन्ही खांब, गाडी आणि रस्ता एकाच चौकटीत येतील, आणि मगच नंबर जवळून घेतो. गाडी हलली तरी या फोटोंच्या आधारे ई-चलानसाठी तक्रार करता येते.

"नो पार्किंग"ची पाटी स्वतः रंगवल्याने फाटकाच्या रुंदीपलीकडचा सार्वजनिक रस्ता आपला होत नाही, आणि तिथे दगड किंवा कुंड्या ठेवणे हे अतिक्रमणच आहे.

गाडी सोसायटीच्या आवारात, आतल्या फाटकासमोर असेल तर मात्र वाहतूक पोलिसांची क्रेन सहसा आत येत नाही, कारण ती जागा सार्वजनिक नसते. तिथे आधी व्यवस्थापक समितीकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोचपावती घ्यावी. वाट अडवण्यासाठी मुद्दाम गाडी लावली असेल, तर पोलीस ठाण्यात जावे.