डोळे चुरचुरले नाहीत म्हणजे झालं? लहान मुलांचा शॅम्पू आणि बबल बाथ वापरताना या चुका टाळा

मे महिन्यात धाकट्या बहिणीचा नाशिकहून फोन आला. "ताई, चिऊला शू करताना आग होतेय. रडते, मग शू रोखूनच धरते. पण शॅम्पू तर मी लहान मुलांचाच वापरते गं, टीअर-फ्री!"

मी बरीच वर्षं शॅम्पू आणि साबण बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलं आहे. त्यामुळे घरात कुणालाही पुरळ उठलं की फोन मला येतो. मी तिला विचारलं, आंघोळ कशात घालतेस? उत्तर आलं, "उन्हाळा आहे ना, फुगवायच्या टबात बसवते. दुबईहून आलेलं बबल बाथ घालते, त्यात खेळत बसते अर्धा तास." पुढचं सगळं मला तिथेच कळलं. तरी आधी डॉक्टरांकडे जा, लघवी तपासून घे, एवढंच सांगितलं. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला नाही. बाहेरची त्वचा मात्र लालबुंद झाली होती.

पहिली चूक शब्दाच्या अर्थाची आहे. टीअर-फ्री म्हणजे डोळ्याला चुरचुरत नाही. त्वचेला काहीच होत नाही, असा त्याचा अर्थ नाही.

फेस आणणारी द्रव्यं, म्हणजे सर्फॅक्टंट, दुतोंडी असतात. एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. केसातला तेलकटपणा त्यामुळेच निघतो. पण डोळ्याच्या बुबुळावर आणि त्वचेच्या वरच्या थरातही स्निग्ध द्रव्यं असतात, तिथेही हा रेणू आपलं काम करतो. सुटा, छोटा रेणू आत शिरतो आणि चुरचुरतो. बरेच रेणू एकत्र येऊन त्यांचा गोळा झाला (त्याला मायसेल म्हणतात), की तो सहजी आत जात नाही. मुलांच्या शॅम्पूची सगळी हुशारी इथेच असते. गोळे मोठे आणि घट्ट ठेवायचे, सुटे रेणू कमीत कमी राहू द्यायचे.

त्यासाठी मोठ्यांच्या शॅम्पूत असतो तसा ऋणभारित सल्फेट एकटा घालत नाहीत. त्याच्या जोडीला कोकामिडोप्रोपिल बेटेन किंवा सोडियम कोकोअँफोअॅसिटेट येतं. ही धन आणि ऋण असे दोन्ही भार असलेली सौम्य द्रव्यं आहेत. शिवाय पीईजी-80 सॉर्बिटन लॉरेटसारखं मोठ्या आकाराचं, बिनभाराचं द्रव्यही असतं. पाठीवरच्या यादीत ही नावं पाण्यानंतर लगेच आली, तर बाटली खरोखर त्या पद्धतीने बनवली आहे असं समजायला हरकत नाही. यादीतली नावं प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असतात. फक्त एक टक्क्याच्या खालची कशीही लावली तरी चालतात. (डोळा बधिर करणारं औषध घालतात, ही अफवा मी आजवर किमान पन्नास वेळा ऐकली असेल. तसं काही घालत नाहीत.)

दुसरी गोष्ट पीएचची. अश्रूंचा पीएच 7.4 च्या आसपास असतो, म्हणून डोळ्याला सांभाळणारे कित्येक शॅम्पू 7 च्या जवळ ठेवलेले असतात. त्वचेचा पीएच मात्र 5 च्या आगेमागे, किंचित आंबट असतो. म्हणजे डोळ्याला जे अगदी जुळतं ते त्वचेला तितकंच जुळेल असं नाही. केसांवरून अर्ध्या मिनिटात धुवून जाणाऱ्या शॅम्पूत हा फरक जाणवत नाही. तोच टबाच्या पाण्यात घालून त्यात मूल बसवलं की जाणवतो. आंघोळीच्या वडीचा पीएच बहुधा 9 ते 10 असतो, त्यामानाने हे सौम्यच. पण वडी अंगावरून फिरते आणि धुतली जाते, हे विसरायला नको.

आता चिऊच्या टबाकडे येते, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे झाली होती, आणि ती मापाची होती.

बाटलीवर लिहिलं होतं, टबात दोन झाकणं. औषधाच्या मापाने मोजलं तर झाकण 15 मिलीचं निघालं, म्हणजे दोन झाकणं 30 मिली. पण ही सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर मोठ्या माणसाचा बाथटब असतो, त्यात साधारण दीडशे लिटर पाणी धरा. म्हणजे लिटरला 0.2 मिली. बहिणीच्या फुगवायच्या टबात दोन बादल्या पाणी, तीस लिटर. त्यात 30 मिली गेलं की लिटरला 1 मिली झालं. पाचपट! त्यात त्यांच्याकडे बोअरचं जड पाणी. जड पाण्यात फेस कमी येतो, म्हणून ती अजून एक झाकण ओतायची. एकूण 45 मिली, लिटरला दीड मिली. साडेसातपट तीव्र पाण्यात पोरगी अर्धा तास बसत होती, उठल्यावर साध्या पाण्याने अंग धुवायचंही नाही, कारण "वास छान येतो".

तीस लिटरला हिशेबाने 6 मिली लागतं. चहाचा एक चमचा 5 मिलीचा असतो, तेवढं पुरे. फेस कमी दिसेल. दिसू दे, फेसाचा आणि स्वच्छतेचा फारसा संबंध नाही.

बबल बाथने कोवळ्या त्वचेला त्रास होतो का, तर होऊ शकतो. तो प्रमाण, वेळ आणि जागा या तीन गोष्टींवर ठरतो. अमेरिकेत फेसाळ आंघोळीच्या उत्पादनांवर इशारा छापणं नियमानेच बंधनकारक आहे. जास्त वापर किंवा जास्त वेळ संपर्क झाल्यास त्वचेला आणि मूत्रमार्गाला त्रास होऊ शकतो, असं त्यात म्हटलेलं असतं. परदेशातून आणलेल्या बाटलीवर हा मजकूर बारीक अक्षरात सापडू शकतो. आपण तो वाचत नाही एवढंच.

जागेचा मुद्दा मुलींच्या बाबतीत जास्त. वयात येण्याआधी इस्ट्रोजेन कमी असल्याने योनिमुखाची त्वचा पातळ आणि नाजूक असते. फेसाचं पाणी तिथे लागून राहिलं की लाली, खाज, आणि शू लागली की आग. मुलगा असेल तर शिश्नाचं टोक लाल होऊ शकतं. हे जंतूंनी झालेलं नसतं, रसायनाने झालेलं असतं. म्हणून अँटिबायोटिकने बरं होत नाही, बबल बाथ बंद केलं की होतं. चिऊची आग दुसऱ्या दिवशी निम्मी झाली आणि चौथ्या दिवशी ती विसरूनही गेली. तेवढे दिवस तिथे फक्त साधं पाणी, टिपून कोरडं करणं, आणि सैल सुती चड्डी. त्या जागेला साबण, शॅम्पू, "इंटिमेट वॉश" यातलं काहीही लागत नाही. एरवीही नाही.

इथे उलटी चूकही होते. बबल बाथवर सगळा दोष टाकून घरीच थांबायचं. ताप, उलटी, पोटात किंवा पाठीत दुखणं, उग्र वासाची लघवी, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, यातलं काहीही असेल तर लघवीची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. आग दोन दिवसांत कमी झाली नाही तरीही. आणि खाज मुख्यतः रात्री, शी करायच्या जागेजवळ असेल तर आधी जंतांचा विचार करा. त्यात बिचाऱ्या शॅम्पूचा काही संबंध नसतो.

तेलाचं प्रकरण आपल्याकडचं खास आहे. बाळाच्या टाळूवर तेल थापायचं, मग शॅम्पूने धुवायचं. टीअर-फ्री शॅम्पू मुळातच कमी जोराचा असतो, त्याला एवढं खोबरेल तेल झेपत नाही. केस चिकट राहतात. मग आजी म्हणते, अजून घे. तिसऱ्यांदाही घेतलं की सौम्य शॅम्पूचा सौम्यपणा संपतो. तेल थेंबांत मोजून लावा, आंघोळीआधी जुन्या मऊ सुती कापडाने टिपा, आणि वाटाण्याएवढा शॅम्पू तळहातावर पाण्यात मोडून एकदाच लावा. थोडा चिकटपणा राहिला तर राहू द्या. हल्ली काही घरांत "नैसर्गिक" म्हणून रिठ्याचं पाणी वापरतात. रिठ्यातलं सॅपोनिन फेस छान आणतं, पण डोळ्यात गेलं तर मोठा माणूसही ओरडतो. नैसर्गिक आणि टीअर-फ्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बसून आंघोळ घालत असाल तर केस शेवटी धुवा. आधी धुतले की तोच शॅम्पू टबात उतरतो आणि पोर त्यात बसतं. फेसात खेळणं पाच-दहा मिनिटंच, पाणी कोमट, उठताना वरून एक तांब्या स्वच्छ पाणी. अंग टिपून ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. अंगावर एक्झिमाचे चट्टे असतील तर बबल बाथ पूर्ण बंद. त्या त्वचेचा बांध आधीच फुटलेला असतो. अगदी तान्ह्या बाळाला पहिला महिनाभर साधं पाणी पुरतं.

कधी कधी माप बरोबर असूनही पुरळ येतं. ते आंघोळीनंतर लगेच न येता एक-दोन दिवसांनी, खाजरं असं येत असेल, तर ती चुरचुर नव्हे, अॅलर्जी असू शकते. मग यादीत सुगंध आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे संरक्षक द्रव्य शोधा. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली त्याला "वर्षातला अॅलर्जन" ठरवलं होतं. 2004 साली हाच मान वर सौम्य म्हटलेल्या कोकामिडोप्रोपिल बेटेनला मिळाला होता. सौम्य आणि अॅलर्जीमुक्त हेही दोन वेगळे दावे आहेत.

शेवटची सवय अगदी मराठी आहे. बाटली संपत आली की पाणी घालून हलवायचं. मीही घालत असे. पण बाटलीतल्या संरक्षक द्रव्याचं प्रमाण मूळ शॅम्पूच्या हिशेबाने ठरवलेलं असतं. पाणी पडलं की ते विरतं, आणि बाथरूमच्या उबेत आठवडाभर ठेवलेल्या त्या पाण्यात जंतू वाढतात. मोठ्यांचं डोकं सोसतं कदाचित, बाळाच्या डोळ्यात जायला नको. पाणी घालायचंच तर त्याच आंघोळीला संपवा. बहिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आणि टबातलं सांगितलंस ते? झाकण फेकून दिलंय मी. आता चमचा ठेवलाय बाथरूममध्ये, चिऊच मोजून घालते."