मोठी गोळी गिळताना ओकारी येते? या चुका टाळा

मोठी गोळी गिळताना ज्यांना ओकारी येते, ती माणसे बहुधा मान मागे टाकतात. गोळी आपोआप घशात घसरेल असे वाटते खरे, पण मान मागे गेल्यावर घसा ताणला जातो, गिळणे अवघड होते आणि पाणी श्वासनलिकेकडे जाण्याचा धोका वाढतो. गोळी जिभेच्या अगदी मागे ठेवणे ही दुसरी चूक, कारण ओकारीची उबळ तिथल्या स्पर्शानेच येते. गोळी जिभेवर पुढच्या बाजूला ठेवावी.

तिसरी चूक मात्र सहज लक्षात येत नाही. समजा, एका गृहस्थांना मेटफॉर्मिनची 1000 मिलिग्रॅमची लांबट गोळी घ्यायची आहे. हनुवटी छातीकडे झुकवून गिळावे असे त्यांनी ऐकले होते, पण तसे करताच गोळी दातांमागे येऊन बसली आणि पाणी तेवढे पोटात गेले. रीत चुकीची नव्हती. ती कॅप्सूलची होती. कॅप्सूल पाण्याहून हलकी असल्याने तरंगते, आणि मान पुढे झुकल्यावर तोंडाचा मागचा भाग वर येत असल्यामुळे ती घशाकडे जाते. दाबून बनवलेली गोळी जड असते, म्हणून ती बुडून पुढेच राहते.

अशा गोळीसाठी बाटलीची रीत वापरावी. दाबली की चेपणारी, मऊ प्लॅस्टिकची बाटली पाण्याने काठोकाठ भरावी, गोळी जिभेवर ठेवावी, ओठ बाटलीच्या तोंडाभोवती घट्ट मिटावेत आणि पाणी ओढत, न थांबता, लगेच गिळावे. बाटली आत चेपली गेली तर रीत जमली असे समजावे. ती चेपली नाही आणि पाण्यात बुडबुडे दिसले, तर ओठांच्या फटीतून हवा आत गेली आहे. काचेची किंवा कडक बाटली इथे उपयोगाची नाही.

कॅप्सूल घेताना मध्यम घोट तोंडात धरावा, तो लगेच गिळू नये. आधी हनुवटी छातीकडे न्यावी आणि मान खालीच ठेवून गिळावे. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाटलीच्या रीतीने सुमारे 60 टक्के, तर पुढे झुकण्याच्या रीतीने सुमारे 89 टक्के वेळा गिळणे सोपे झाले.

दोन्ही रीती बसूनच कराव्यात. तरीही जमले नाही म्हणून गोळी कुटू नये किंवा मोडू नये. औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटली, तर दिवसभराचे औषध एकदम रक्तात उतरू शकते. त्याऐवजी डॉक्टरांकडे लहान गोळी किंवा पातळ औषध मागावे. ज्यांना साधे पाणी पितानाही ठसका लागतो, किंवा पक्षाघातानंतर गिळण्याचा त्रास आहे, त्यांनी या रीती घरी करून पाहू नयेत.