मसाल्याच्या निर्यातीसाठी नाव ठेवताय? या चुका टाळा

नंदुरबारची मिरची, दोंडाईचाचा बाजार, जळगाव-धुळ्याच्या घराघरातला काळा मसाला. माल चांगला असतो, यात कुणाला शंका नाही. पण नाव ठरवायची वेळ आली की आपली मंडळी एका संध्याकाळी चहावर बसून ते ठरवतात, दुसऱ्या दिवशी बोर्ड रंगवायला देतात आणि आठवडाभरात पाऊच छापायला टाकतात. ही घाई मला अजिबात पटत नाही. चव बिघडली तर पुढच्या घाण्यात सुधारता येते. परवान्यावर, बँकेत आणि पाकिटावर चढलेलं नाव बदलायला मात्र महिने जातात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे नावातच सगळं कोंबणं. ‘खान्देश स्पायसेस’, ‘नंदुरबार मिरची एक्सपोर्ट’, ‘काळा मसाला इंटरनॅशनल’. यात गावाचा अभिमान आहे, तो मला कळतो. पण 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम 9 नुसार मालाचा प्रकार, गुण किंवा तो कुठून आला एवढंच सांगणाऱ्या नावाच्या नोंदणीला नकार मिळतो. वर्षानुवर्षं वापरून ते नाव तुमचंच म्हणून ओळखलं जात असेल तर गोष्ट वेगळी, पण नव्या युनिटकडे तो पुरावा कुठून येणार? म्हणजे तुम्ही ‘खान्देश’ नाव गाजवायचं आणि शेजारच्यानेही तेच वापरायचं. देवाच्या आणि ग्रंथांच्या नावांचंही तसंच आहे. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या नावावर एकाचा हक्क मानायला सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये नकार दिला.

माझी पद्धत अशी: मोठ्या अक्षरात छोटं, स्वतःचं नाव. त्याखालच्या ओळीत ‘खान्देशी काळा मसाला’ हे मालाचं वर्णन. परंपरा त्या दुसऱ्या ओळीत पूर्ण येऊ द्या, ती ओळ कितीही लांब चालते.

आता उच्चाराची चूक. हिच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण हिच्यात पैसे बुडताना पाहिले आहेत. नंदुरबारजवळच्या दोन भावांनी मिरची पावडर आणि काळ्या मसाल्याचं युनिट टाकलं. आपल्याकडे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेला पथारी म्हणतात, म्हणून त्यांनी नाव ठेवलं ‘पथारी’, रोमन लिपीत Pathari. ऐकायला सुंदर, मातीतलं. पाऊचच्या छपाईसाठी चार रंगांचे सिलेंडर बनवले, पाऊच छापून घेतले. पहिले नमुने आखातातल्या एका गुजराती दुकानदाराकडे गेले. त्याचा फोन आला, “भाई, मसाल्याला पथरीचं नाव का दिलं?” त्याने रोमन अक्षरं वाचली होती, आणि हिंदी-गुजराती माणूस ती अक्षरं ‘पथरी’, म्हणजे मुतखडा, अशीच वाचणार. परदेशात आपले पहिले गिऱ्हाईक हेच लोक असतात. धाकटा मला म्हणाला, “आते काय करानं, भाऊ?” करण्यासारखं एवढंच होतं की नाव सोडायचं. सिलेंडर नावासकट कोरलेले, त्यामुळे ते वाया. छापलेला फिल्मचा रोलही वाया.

हे टाळायला मी एकच गोष्ट करायला लावतो. नाव फक्त रोमन लिपीत कागदावर लिहायचं आणि मराठी न येणाऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला द्यायचं. एक गुजराती, एक दक्षिणेकडचा, जमलं तर एक अरबी बोलणारा. अर्थ सांगायचा नाही, आधी उच्चार करून दाखवायचा नाही. मग उलटं करायचं: फोनवर नाव एकदा सांगायचं आणि समोरच्याला स्पेलिंग लिहायला लावायचं. लिहिलेलं स्पेलिंग तुमच्याशी जुळलं नाही, तर तो माणूस इंटरनेटवर तुम्हाला कधीच शोधू शकणार नाही. घरातल्या पुण्याला शिकणाऱ्या पुतण्यावर ही परीक्षा घेऊ नका. त्याला उत्तर आधीच माहीत असतं.

कुठली अक्षरं अडतात तेही सांगतो. ळ, ठ, ढ, ण परदेशी तोंडात टिकत नाहीत. अरबीत प आणि व्ह नाहीत, त्यामुळे ‘तापी’चं ‘ताबी’ होतं. अमिरातीत पाकिटावर अरबी मजकूर लागतोच, म्हणजे हा प्रश्न छपाईपर्यंत पोचतो. जर्मन माणूस j चा उच्चार य असा करतो, स्पॅनिश माणूस ख असा, म्हणून Jwala तिथे गडबडतं. ‘गिरणा’चा gi फ्रेंच माणूस झि करून टाकतो. सातपुड्याचं तर स्पेलिंगच दोन, Satpuda आणि Satpura. म, न, त, स, ल, क आणि आ, इ, ओ यांच्यावर चालणारं, दोन-तीन अक्षरी नाव सहसा सगळीकडे तरतं.

त्या भावांनी शेवटी आजीचं नाव घेतलं. तानाबाई, घरात तानाई. Tanai. दोन्ही परीक्षांत ते नाव बहुतेकांनी बरोबर वाचलं आणि बरोबर लिहिलं. मग शोध. ipindia.gov.in वर व्यापारचिन्हांचा सार्वजनिक शोध आहे, तिथे मसाल्यांचा वर्ग 30. अक्षरशः जुळणारं नाव बघून थांबू नका, उच्चाराने जुळणारी नावं दाखवणारा फोनेटिक शोधही घ्या, आणि Tanay, Tania, Thanai अशी भावंडंही तपासा. मसाल्यात त्यासारखं काही निघालं असतं तर मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून बसवलं असतं. नोंदणीच्या अर्जाचा फॉर्म टीएम-ए, ऑनलाइन भरला तर व्यक्तीला किंवा उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या युनिटला 4,500 रुपये, इतरांना 9,000. ही नोंदणी फक्त भारतात चालते. अमिरातीसाठी माद्रिद पद्धतीने, म्हणजे एकाच अर्जातून अनेक देशांत नोंदणी मागायच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून, वेगळा अर्ज करता येतो, भारत त्यात 2013 पासून आहे आणि अमिराती 2021 च्या अखेरीस आली.

पहिल्या काही खेपांना सिलेंडर बनवू नका. साधे पाऊच घ्या आणि वर छापील लेबल चिकटवा. दिसायला थोडं साधं दिसेल, दिसू द्या.

दुसरी गोष्ट, फर्मचं नाव आणि ब्रँडचं नाव एकच असावं लागत नाही. आयात-निर्यात कोड, जीएसटी, एफएसएसएआय, स्पायसेस बोर्डाचं निर्यातदार प्रमाणपत्र आणि बँक खातं, या सगळीकडे फर्मचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. एकीकडे Shree, दुसरीकडे Shri, तिसरीकडे Sri; कुठे and, कुठे &. लेटर ऑफ क्रेडिटवरचं, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने पैशाची हमी दिलेल्या पत्रावरचं नाव आणि इनव्हॉइसवरचं नाव वेगळं दिसलं की बँक कागदात विसंगती काढू शकते. मग खरेदीदार मान्यता देईपर्यंत पैसे अडकतात आणि वर शुल्कही कापलं जातं. म्हणून पहिला अर्ज भरण्याआधी स्पेलिंग एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा आणि प्रत्येक फॉर्म त्यावरून भरा. सीएला, एजंटला, छापखान्याला त्याच कागदाचा फोटो द्या, तोंडी सांगू नका.

अंकशास्त्रवाल्याच्या सांगण्यावरून नावात जादा a किंवा i घालू नका. Tanaaii कुणी शोधणार नाही.

‘ग्लोबल’, ‘वर्ल्ड’, ‘इंटरनॅशनल’ काढून टाका. खरेदीदार त्यावर एक पैसाही जास्त देत नाही.

आणि अर्ज भरला म्हणून लगेच नावापुढे ® लावू नका. नोंदणी होण्याआधी ते चिन्ह वापरणं कलम 107 खाली गुन्हा आहे. तोवर TM लावा. नोंदणी कार्यालयाची हरकत आली तर महिन्याच्या आत उत्तर द्या, व्यापारचिन्ह जर्नलमध्ये नाव छापून आल्यावर विरोधासाठीचे चार महिने जाऊ द्या, प्रमाणपत्र हातात पडलं की मग लेबल बदला.