आधी सॉफ्टवेअर दाखवा, मग पगाराचं बोलू

मी पूर्ण अंध आहे आणि कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरते. पणजी-म्हापशाकडे हॉटेलांच्या रिझर्वेशनची कामं निघत असतात. जाहिरातीत ‘दिव्यांगांनीही अर्ज करावा’ अशी ओळ दिसली की बरं वाटतं, पण त्या ओळीवर मी काही ठरवत नाही.

पहिल्यांदा समान संधी धोरण मागायचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ते खासगी आस्थापनेलाही करावं लागतं. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, सहाय्यक साधनांची तरतूद आणि संपर्क अधिकारी हे सगळं त्यात हवं. यादीत तुमचं पद आहे का आणि तो अधिकारी फोनवर भेटतो का, एवढं बघितलं तरी कागद खरा की शोभेचा ते कळतं.

खरी परीक्षा मात्र सॉफ्टवेअरची. एका हॉटेलात एचआरच्या मॅडमना मी म्हटलं, “मुलाखतीआधी अर्धा तास तुमच्या सिस्टीमवर बसू द्याल?” त्यांनी आयटीवाल्याला विचारून पेन ड्राइव्हवरचा एनव्हीडीए चालू करू दिला. (बऱ्याच ठिकाणी यूएसबी बंद असतं, म्हणून परवानगी आधीच मागावी.) बुकिंगचा फॉर्म टॅब दाबत पुढे सरकला, नाव, तारीख, खोलीचा प्रकार नीट वाचून दाखवला. खोल्यांच्या तक्त्यावर आले आणि नुसतं ‘बटन, बटन’ ऐकू येऊ लागलं. रिकामी खोली रंगाने दाखवलेली, बुकिंग हलवायचं तर माउसने ओढायचं. पण त्याच सिस्टीममध्ये रिकाम्या खोल्यांची यादी एक्सेलमध्ये काढता येत होती आणि बुकिंग उघडून खोली क्रमांक टाईपही करता येत होता. तिथे काम अडणार नव्हतं.

सिस्टीम रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दुसरीकडच्या मशीनवर चालत असेल, तर मात्र सावध. स्क्रीन रीडर फक्त आपल्या मशीनवर असला तर त्याला पलीकडचं नुसतं चित्र मिळतं. तो पलीकडच्या मशीनवर बसवून देणार का, हे आयटीलाच विचारा. एचआरला सहसा माहीत नसतं.

मग विचारलं, रात्रपाळीला काय काय करावं लागतं? तेव्हा कळलं, रात्री रिझर्वेशनवाल्यालाच फ्रंट डेस्क बघावा लागतो. परदेशी पाहुण्यांची माहिती 24 तासांत सरकारी पोर्टलवर भरायची असते, तिला सगळे फॉर्म सी म्हणतात. तिथे पासपोर्टवरचा फोटो पाहुण्याशी ताडून बघायचा. हे मला जमणार नाही, आणि जाहिरातीत त्याचं नावही नव्हतं. शिवाय पाळी सुटेल तेव्हा कदंबा बसही मिळणार नव्हती.

मी दोन गोष्टी ईमेलवर मागितल्या: पाळी दिवसाचीच, आणि फॉर्म सी माझ्या कामात नाही. “तोंडी सांगितलंय ना,” असं उत्तर आलं असतं तर मी पुढे गेले नसते. मॅडमनी विभागप्रमुखांना सीसी करून होकार कळवला, आणि मग पगाराचं बोलणं झालं.