परसातल्या माडांवर मिरी: गडी न मिळणाऱ्या घरासाठी जोडधंदा कसा उभा करावा

कोकणात दहा-पंधरा गुंठे जमीन असलेल्या घराला नवा धंदा सुचवताना नफ्याच्या आधी हे पाहावे लागते की त्याचे काम नेमके कोणत्या महिन्यांत येते. जून-जुलैत लावणी, ऑक्टोबरात कापणी आणि एप्रिल-मेमध्ये आंबा-काजू यांच्या वेळी गावात गडी मिळत नाही, आणि मिळालाच तर त्याची मजुरी छोट्या शेताला झेपत नाही. काळी मिरी या अडचणीत चांगली बसते, कारण तिची काढणी साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत येते, ती घरातली माणसे थोडी थोडी करू शकतात आणि तिला वेगळी जमीनही लागत नाही. माड, पोफळ किंवा फणस यांच्या बुंध्यावरच वेल चढतो.

आधी झाडे निवडावीत. तरुण माडाच्या झावळ्या खाली असतात आणि सावली दाट पडते, म्हणून वीस-पंचवीस वर्षांपुढचे, बुंधा मोकळा झालेले माड घ्यावेत. खड्डे मे महिन्यातच खणून ठेवावेत, कारण जूनमध्ये लावणी सुरू झाली की या कामाला हात उरत नाही. माडाच्या उत्तर किंवा ईशान्य बाजूला, बुंध्यापासून तीनेक फुटांवर, दीड फूट लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा घेऊन त्यात माती आणि कुजलेले शेणखत भरावे. पहिला चांगला पाऊस पडताच प्रत्येक खड्ड्यात पन्नियूर-१ सारख्या जातीची मुळे फुटलेली दोन रोपे लावून वेल काठीच्या आधाराने बुंध्याकडे न्यावेत. नारळ पाडणारा ज्या बाजूने चढतो ती बाजू मोकळी ठेवावी आणि वेल पंधरा-वीस फुटांवर छाटत राहावे, म्हणजे साध्या शिडीवरून घोस हाताला येतात. पहिल्या तीन उन्हाळ्यांत पाणी देणे मात्र चुकवू नये.

वेल दगावतात ते मुख्यतः पावसाळ्यात, जलद मर रोगाने. पानांवर काळे, कडेला झालरीसारखे पसरणारे डाग दिसू लागले, पाने गळू लागली आणि बुंधा जमिनीलगत काळा पडला, तर तो वेल बहुधा वाचत नाही. म्हणून उपाय आधीच करावा लागतो: बुंध्याशी पाणी साचू द्यायचे नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडाला व पुन्हा ऑगस्टमध्ये उघडीप पाहून एक टक्का बोर्डो मिश्रण पानांवर फवारून मुळांशीही ओतायचे. दहा लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये प्लॅस्टिकच्या बादल्यांत वेगवेगळा विरघळवावा. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओतावे. त्यात लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, तो आणखी घालावा. हे मिश्रण त्याच दिवशी वापरायचे असते.

तिसऱ्या वर्षापासून घोस धरू लागतात आणि सहा-सात वर्षांनी वेल भरात येतो. घोसातला एखाद-दुसरा दाणा नारिंगी-लाल झाला की तो घोस काढावा. सगळे घोस एकदम तयार होत नाहीत, त्यामुळे काढणी तीन-चार वेळा करावी लागते. मोठ्या बागायतदाराला ही कटकट वाटते, पण ज्या घरात गडी नाही त्याची यातच सोय आहे. दाणे सोडवून कापडात बांधावेत, मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवावेत आणि चटईवर चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवावेत. उकळत्या पाण्यामुळे रंग एकसारखा काळा येतो. मुठीत घेतल्यावर दाणे खडखडले पाहिजेत. ओलसर राहिलेल्या मिरीला डब्यात पांढरी बुरशी येते आणि सगळा माल जातो.

हिशेब असा. दहा गुंठ्यांत साडेसात मीटर अंतराने साधारण अठरा माड बसतात. माडामागे वाळलेली एक किलो मिरी, असा हात राखून अंदाज धरला तर अठरा किलो होते आणि त्यासाठी सुमारे ५४ किलो हिरवे दाणे काढावे लागतात. किलोला ६०० रुपये भाव धरल्यास १०,८०० रुपये हाती येतात. एवढ्यावर घर चालणार नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. पण नारळाचे उत्पन्न तसेच राहून, मजुरी न देता ही रक्कम येते. शंभर ग्रॅमच्या पाकिटांत पर्यटकांना आणि मुंबईच्या चाकरमान्यांना विकल्यास भाव जास्त मिळतो, मात्र पाकिटबंद विक्रीसाठी अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्यावी लागते.

याच वेलांपासून दुसरे उत्पन्न निघते, ते रोपांचे. बुंध्याशी जमिनीवर पसरणारे धावते फुटवे मुळे धरू नयेत म्हणून काठीला गुंडाळून ठेवावेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करून पिशव्यांत लावावेत आणि मांडवाच्या सावलीत रोज पाणी द्यावे. जूनपर्यंत ती रोपे विकायला तयार होतात. फक्त मर लागलेल्या वेलाचा एकही फुटवा त्यासाठी घेऊ नये, नाहीतर पिशवीतल्या मातीबरोबर रोग गिऱ्हाइकाच्या बागेत पोहोचतो.