एकाच पायाची कमान खचते आहे? या चुका टाळा

चाळिशी-पन्नाशीनंतर एकाच पायाचा तळवा हळूहळू सपाट होऊ लागला आणि त्याच पायाच्या आतल्या घोट्याखाली ठणका लागू लागला, तर बहुतेक जण तो पाय कधीतरी मुरगळला असावा असे समजतात. पाय मुरगळल्याची आठवण नसली तरी शोधून काढली जाते. प्रत्यक्षात अशा वेळी बहुधा आतल्या घोट्याच्या मागून वळून तळव्याकडे जाणारी कंडरा, म्हणजे टिबियालिस पोस्टीरियर या स्नायूचे टेंडन, झिजत असते. पोटरीच्या आत खोलवर असलेला हा स्नायू कमानीच्या माथ्यावरच्या हाडाला वर ओढून धरतो आणि चालताना टाच उचलली जाते त्या क्षणी पाऊल ताठ करतो. घोट्याच्या हाडाला वळसा घालते तिथेच या कंडरेला रक्तपुरवठा मुळात कमी असतो, त्यामुळे तिथली झीज भरून निघत नाही. वाढलेले वजन, मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांमुळे हा धोका वाढतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा त्रास जास्त आढळतो.

माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी आलेल्या ५२ वर्षांच्या एका शिक्षिकेचा डावा पाय आठ महिन्यांपासून असा दुखत होता. सुरुवातीला घोट्याला पट्टा बांधून झाला, मग मलम झाले, मग आडवे झोपवून काढलेला एक्स-रे झाला आणि त्यात काहीच दिसले नाही. दिसणारही नव्हते, कारण पायावर भार नसताना खचलेली कमानही बऱ्यापैकी जागेवर येते. पायाचा एक्स-रे उभे राहून, दोन्ही पायांवर भार देऊन काढायला हवा, आणि ही एक गोष्ट रुग्णाने स्वतः विचारून घेतलेली बरी.

या बाईंना मी पाठमोरे उभे केले, तेव्हा उजव्या टाचेच्या बाहेरच्या बाजूला पायाचे जेमतेम दीड बोट दिसत होते आणि डावीकडे चक्क साडेतीन. डावी टाच बाहेरच्या अंगाला कलली होती आणि त्यामुळे चवडा बाहेर फिरला होता. त्यांच्या डाव्या चपलेची आतली कडही उजवीपेक्षा स्पष्ट दबलेली होती. घरी हे पाहायचे असेल तर दुसऱ्या कोणाला तरी मागून गुडघ्याच्या उंचीवरून फोटो काढायला सांगावे. आपण स्वतः वाकून पाहिले की भार सरकतो आणि फसगत होते.

खरी परीक्षा आहे एका पायाच्या चवड्यावर उभे राहण्याची, आणि नेमकी तीच लोक चुकीची करतात. दोन्ही पायांवर एकदम उंचावले तर चांगला पाय दुसऱ्याचे काम उरकून टाकतो. भिंतीला तळहात टेकून अंगाचा भार पुढे दिला, किंवा गुडघा वाकवून उसळी घेतली, तरी उत्तर खोटे येते. भिंतीला फक्त बोटांची टोके लावावीत, गुडघा सरळ ठेवावा, आधी चांगला पाय तपासावा आणि मग दुखरा. निरोगी पायावर उंचावताना टाच वर जाता जाता आतल्या बाजूला वळते आणि असे आठ-दहा वेळा सहज जमते. कंडरा कमजोर असेल तर टाच उचलतच नाही, किंवा उचलली तरी बाहेरच कललेली राहते. बाईंना उजव्या पायावर दहा वेळा जमले. डाव्या पायावर पहिल्याच प्रयत्नात टाच बोटभर उचलून खाली आली. बसवून, भार काढून त्यांची टाच मी हाताने सरळ केली, तेव्हा ती सहज सरळ झाली. याचा अर्थ पाय खचला होता, पण आखडला नव्हता, आणि या आजारात पुढचे सगळे निर्णय या एका फरकावर अवलंबून असतात.

सर्वांत महाग पडणारी चूक दुखणे कमी झाल्यावर होते. काही महिन्यांनी आतल्या घोट्याचा ठणका ओसरतो आणि बाहेरच्या घोट्याखाली नवे दुखणे सुरू होते. रुग्णाला वाटते की जुना आजार बरा झाला. बऱ्याचदा याचे कारण उलटे असते. कंडरा ताणून निकामी झालेली असते म्हणून ती दुखत नाही, आणि टाच इतकी बाहेर गेलेली असते की बाहेरच्या बाजूची हाडे एकमेकांवर दाबू लागतात. दुखण्याची जागा बदलली की त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

ठणका लवकर थांबावा म्हणून या कंडरेच्या आवरणात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा मोह होतो. त्याने काही दिवस बरे वाटते, पण आधीच झिजलेली कंडरा तुटण्याचा धोका वाढतो, म्हणून बहुतेक तज्ज्ञ इथे ते टाळतात. मऊ, गुबगुबीत इन्सोलचेही तसेच आहे: पाऊल त्यात आणखी आत रुतते. आतल्या बाजूने उंच केलेले, टाचेला घट्ट धरणारे आणि कमानीखाली न दबणारे इन्सोल हवे, आणि ते मागून कडक असलेल्या बुटातच काम करते. सपाट चपलेत सरकवलेले महागडे इन्सोल म्हणजे शुद्ध अपव्यय, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यायामात घाई ही पुढची चूक. घोट्यामागे सूज असताना आणि बोटाने दाबल्यावर तीव्र दुखत असताना टाचा उंचावण्याचे व्यायाम केले, तर दुखावलेल्या कंडरेवर आणखी ताण येतो. आधी तिला विश्रांती द्यावी लागते. डॉक्टर घोटा हलू न देणारा चालण्याचा बूट किंवा प्लास्टर साधारण ४ ते ६ आठवडे देतात ते त्यासाठीच. बाईंना पाच आठवडे बूट होता. त्यानंतर खुर्चीत बसून, चवड्याला रबरी पट्टा अडकवून पाऊल आत ओढायचे आणि चार-पाच सेकंद घेत सावकाश परत सोडायचे, असा व्यायाम सुरू केला. पहिल्या दिवशी त्यांचा गुडघाच आत-बाहेर झुलत होता. मांडी काम करत होती, पाऊल नाही. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी धरायला सांगितल्यावर व्यायाम खरा सुरू झाला.

पोटरी ताणण्यातही अशीच गफलत होते. पोटरी आखडलेली असतेच आणि ती ताणायलाही हवी, पण चवडा बाहेर वळवून ताणले की पोटरीऐवजी कमानच खाली खचते. म्हणून बोटे सरळ पुढे ठेवून, बुटात इन्सोल घालून, मागचा गुडघा सरळ ठेवून ३० सेकंद ताण द्यावा.

चार महिन्यांनी बाईंना डाव्या पायावर सलग सहा वेळा उंचावता आले आणि टाच आत वळू लागली. कमान मात्र पूर्वीसारखी वर आली नाही आणि व्यायामाने ती येईल अशी अपेक्षाही नव्हती. इन्सोल त्यांना पुढेही वापरायचे आहे. दुखणे न थांबता पाय खचत राहिला, तर शेजारची बोटे वाकवणारी कंडरा वळवून जोडण्याची आणि टाचेचे हाड कापून आत सरकवण्याची शस्त्रक्रिया पाय लवचीक असेपर्यंत शक्य असते. पाय एकदा आखडला की बहुधा टाचेलगतचे सांधेच जोडून टाकावे लागतात. आणि मधुमेह असलेल्या माणसाचे पाऊल एकाएकी सुजून लाल व गरम झाले असेल, तर दुखत नसले तरी वरचे काहीही करत न बसता, त्या पायावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण तिथे कंडरा नव्हे तर हाडेच ढासळत असू शकतात.