एअर फ्रायर घेताना लिस्टिंग वाचायला चुकू नका: लिटर, वॅट अन् फोटोतली भजी

परभणीत आमचं मिक्सर-गिझर रिपेअरचं छोटं दुकान आहे. दोन-तीन वर्षांपासून एअर फ्रायर पण यायला लागलेत, अन् खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये बिघाड सापडतच नाही. मशीन चांगलं असतं, घेताना लिस्टिंगमध्ये जे वाचलं त्याचा अर्थ वेगळा लावलेला असतो एवढंच.

मागच्या थंडीत एक मावशी पिशवीत फ्रायर घालून आल्या. "दादा, नवीनच आहे बगा, पण गरमच होईना. कोथिंबीर वड्या वरून करपायल्यात अन् आतून गिळगिळीत राहायल्यात." दुपारची वेळ होती, मी दुकानातच लावून बघितलं तर ठणठणीत चाललं. त्यांच्या पोरीच्या मोबाईलमध्ये लिस्टिंग होतं, त्यात चार गोष्टी ठळक लिहिलेल्या, 4.2 लिटर, 1500 वॅट, 4-5 जणांसाठी, डिशवॉशर सेफ, अन् वर फोटो कांदाभज्यांचा. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तेव्हा या चारही गोष्टी अन् तो फोटो, सगळ्यांनी मिळून कसा घोळ घातला ते कळलं.

लिटर म्हणजे डब्याचं माप, खाण्याचं नाही

4.2 लिटर म्हणलं की आपल्या डोक्यात कुकर येतो. कुकरमध्ये गळ्यापर्यंत भरता येतं, वाफ सगळीकडं शिरते. फ्रायरमध्ये तसं नसतं, वर कॉइल, कॉइलच्या वर पंखा, अन् ती गरम हवा पदार्थाच्या चारही बाजूनं फिरली तरच कुरकुरीत होतं. म्हणून डब्याची उंची लिटरमध्ये मोजली जाते पण तुमच्या कामाची नसते, कामाचा असतो फक्त तळ.

मावशींच्या बास्केटचा तळ मी टेपनं मोजला, आतून साधारण 20 बाय 20 सेंटिमीटर. वडी 4 सेंटिमीटरची, मधी बोटभर नाही तरी एक सेंटिमीटर फट सोडायची म्हणजे एका वडीला 5 सेंटिमीटर जागा. एका ओळीत 4, अशा 4 ओळी, झाल्या 16 वड्या. घरात माणसं पाच, माणशी सहा धरल्या तरी 30. मावशींनी काय केलं, तिसही वड्या एकावर एक रचून एकाच घाण्यात घातल्या, कारण लिहिलंय ना 4-5 जणांसाठी! वरच्या थराला कॉइल जवळ म्हणून तो करपला, खालचा थर वाफेत शिजत राहिला. 16-14 असे दोन घाणे केले की हाच डबा पाच माणसांना पुरतो, फक्त वेळ दुप्पट लागतो अन् दुसरा घाणा खाणाऱ्यांनी थोडा धीर धरायचा.

लिस्टिंगमध्ये तळाचं माप बहुतेक वेळा नसतंच, मशीनच्या बाहेरच्या बॉडीचं असतं, त्याच्यावरून काही कळत नाही. अशावेळी किती इंचाचा पिझ्झा बसतो ते लिहिलंय का बघायचं, 7 इंच लिहिलं तर तळ साधारण 18 सेंटिमीटर धरा. नसंल तर रिव्ह्यूमध्ये लोकांनी टाकलेले बास्केटचे फोटो बघा, कुणीतरी समोसे ठेवलेले असतेत, ते मोजा.

1500 वॅट कधी, तर व्होल्टेज असंल तेव्हा

हे कुणीच सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. 1500 वॅट हा आकडा 230 व्होल्टला असतो. कॉइलचं गणित असं आहे की व्होल्टेज थोडं पडलं की ताकद त्याच्यापेक्षा जास्त पडते. मावशींच्या घरी संध्याकाळी सात वाजता मी मल्टीमीटर लावला तर 188 व्होल्ट. 188 ला 230 नी भागलं की 0.82 च्या आसपास येतं, त्याचा वर्ग केला की 0.67. म्हणजे 1500 चं मशीन हजार वॅटवर चालायलंय! पैसे दीडहजार वॅटचे दिले, काम दोनतृतीयांश.

अन् मजा अशी की टायमरला हे कळत नाही. टायमर मिनिटं मोजतो, तो 15 मिनिटांनी टिंग करून मोकळा. दुकानात दुपारी 228 व्होल्ट होतं म्हणून तिथं काहीच सापडलं नाही, अन् मावशींना वाटलं दुकानदार टाळायला लागलाय.

कमी व्होल्टेज असलं तरी 160-170 डिग्रीवर थोडासाच माल असंल तर फारसा फरक पडत नाही, कारण एरवी पण त्या तापमानाला थर्मोस्टॅट कॉइल चालू-बंद करतच असतो, आता ती जास्त वेळ चालू राहते एवढंच. अडचण येते 200 डिग्री लावून बास्केट भरल्यावर, त्यात फ्रोझन फ्राइज असल्या तर विचारूच नका, बर्फ वितळण्यातच मशीनचा दम जातो अन् फ्राइज मऊ पडतेत. उपाय साधा आहे, रिकामं मशीन 4-5 मिनिटं आधी तापवायचं, माल निम्मा घालायचा, अन् वेळ तिसऱ्या हिश्श्यानं वाढवून मधी एकदा उघडून बघायचं. मावशींना तर मी सांगितलं दुपारीच करत जा.

स्टॅबिलायझर लावू का म्हणून विचारतेत लोकं. टीव्हीचा लावू नका, तो एवढा लोड घेत नाही, घ्यायचाच तर 2 केव्हीएच्या वरचा लागतो अन् तेवढ्या खर्चात फ्रायरची मजाच जाते. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर पण हे चालत नाही, लाइट गेली की विषय संपला.

दुसरी गोष्ट प्लगची. 1500 वॅटला साडेसहा अँपियर लागतात, अन् आपल्या टीव्ही-मोबाईल चार्जरचा पॉइंट असतो 6 अँपियरचा. म्हणून जाड पिनचा प्लग येतो, तो गिझर किंवा फ्रिजच्या पॉवर पॉइंटलाच लावायचा. लोकं काय करतेत, कन्व्हर्टर पिन घेऊन एक्स्टेंशन बोर्डात घालतेत. दहा मिनिटांनी प्लगला हात लावून बघा, चटका बसत असंल किंवा प्लास्टिकचा वास येत असंल तर लगेच बंद करा, असे वितळलेले बोर्ड माझ्याकडं खोकंभर पडलेत. लाइट बिलाचं मात्र टेन्शन घेऊ नका, 1500 वॅट सलग 20 मिनिटं जरी चाललं तरी अर्धा युनिट.

फोटोतल्या भज्या

भजी फ्रायरमध्ये होत नाहीत. ओलं पीठ कढईत तेलात पडल्या पडल्या वरून धरतं, इथं धरायला काही नाही, ते जाळीतून खाली गळतं अन् तिथंच भाजून चिकटतं. पुरी पण कढईसारखी होत नाही. फोटोतल्या भज्या कुणीतरी कढईतच तळलेल्या असतेत असं माझं मत, खोटं वाटत असंल तर करून बघा अन् मग जाळी घासायला बसा.

आपल्याकडचं जे नीट होतं ते सांगतो. उकडलेल्या कोथिंबीर वड्या, ब्रशनं तेल लावून 190 वर 12 ते 14 मिनिटं, मधी एकदा उलटवून. साबुदाणा वडा 180 वर 18-20 मिनिटं, पण तेल लावायला कंजूषी केली की दगड होतो. भरताचं वांगं, 300 ग्रॅमच्या आसपासचं, काट्यानं टोचून तेल लावून 200 वर 20-25 मिनिटं. टोचायला विसरलात तर आत फुटतं अन् कॉइलपर्यंत उडतं. गर एकदम मऊ होतो, पण चुलीचा धूर लागलेला वास येणार नाही, तो नाहीच येणार.

शेंगदाणे मात्र लई भारी होतेत. पाव किलो, 160 वर 8-10 मिनिटं, दोनदा डबा हलवायचा. फक्त एक सांभाळा, टरफलं सुटायला लागली की थांबवा. ती हलकी असतेत, पंखा त्यांना वर ओढतो अन् ती जाऊन लाल कॉइलला चिकटतेत, मग धूर. पापडाचं पण असंच, सुटा पापड टाकला की उडून वर चिकटतो, त्याच्यावर स्टीलची जाळी ठेवावी लागते. बटर पेपर रिकाम्या मशीनमध्ये आधीच टाकून तापवणं तर सगळ्यात धोक्याचं, वजन नसलं की तो सरळ कॉइलवर जाऊन पेटतो.

डिशवॉशर सेफ म्हणजे आपल्यासाठी काय

आपल्याकडं डिशवॉशर कुणाकडं आहे हो, तरी तो शब्द वाचून लोकांना वाटतं कसंही घासलं तरी चालतंय. मावशींकडं भांडीवाल्या ताई तारेच्या घासणीनं घासायच्या, दोन महिन्यात जाळीच्या कडेला कोटिंग निघून करडा लोखंडाचा पट्टा दिसायला लागलेला. एकदा कोटिंग गेलं की तिथं प्रत्येक वेळेस चिकटणार, परत जास्त घासणार, परत जास्त जाणार. जाळी सुटी विकत मिळते का ते पण घेण्याआधीच लिस्टिंगमध्ये बघून ठेवा, बऱ्याच मॉडेलची मिळत नाही.

खरं तर धुणं सोपं आहे, फक्त लगेच करायला पाहिजे. खाणं काढलं, मशीन कोमट झालं की डब्यात गरम पाणी अन् भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब टाकून जाळी तशीच आत बुडवून 20 मिनिटं ठेवायचं, मग मऊ स्पंजनं निघतं. रात्रभर तसंच सोडून सकाळी परत तापवलं तर तेलाचा पिवळा चिकट थर बसतो, तो मग सहजी जात नाही. डब्यातलं स्प्रेचं तेल मारू नका, त्यातल्या इतर गोष्टी कोटिंगवर भाजून बसतेत, साधं तेल अन् ब्रश बरा.

बोअरचं पाणी असंल तर धुतल्यावर पांढरे डाग राहतेत, बरेच जण कोटिंग खराब झालं म्हणून घेऊन येतेत. ते क्षार असतेत. अर्धं लिंबू फिरवून दहा मिनिटं ठेवा अन् पुसून घ्या, गेले तर क्षार होते, नाही गेले अन् नखाला खरबरीत लागलं तर कोटिंग उडालंय.

राहिली कॉइल, तिच्याबद्दल लिस्टिंगमध्ये एक अक्षर नसतं. महिन्यातून एकदा पिन काढून, पूर्ण गार झाल्यावर, डबा बाहेर काढून मोबाईलची टॉर्च आत वर मारून बघा. मावशींच्या कॉइलला पापडाचा काळा तुकडा अन् शेंगदाण्याची टरफलं चिकटलेली होती, म्हणून त्यांना रोज जळका वास यायचा. मी मऊ ब्रशनं झाडून, फडकं ओलं करून घट्ट पिळून पुसलं. पाणी मारायचं नाही, मशीन नळाखाली धरायचं तर नाहीच नाही. मागच्या पावसाळ्यात एकजण तसं धुवून घेऊन आला होता, पंख्याची मोटरच गेली.